‘विद्यार्थी १’च्या तोंडी वाक्यं कोणी घातली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा प्रवेशाच्या वेळी पालकांना दाखवतात त्या व्हिडिओसाठी कालच्या पुरवणीत ‘प्रामाणिक’ नमुना संहिता छापून आली आहे. रात्री झोपले की राग उतरेल असं वाटलं होतं, पण उतरला नाही. ‘विद्यार्थी १ (हसत) : माझी शाळा म्हणजे माझं दुसरं घर!’ मूल अजून निवडायचं आहे, पण त्याला काय वाटतं ते आधीच ठरलेलं आहे. कंसातल्या हसण्यासकट! यात प्रामाणिक काय, ते लेखकमहाशयांनी सांगितलं तर आभारी राहीन.

मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेचा असा व्हिडिओ झाला तेव्हा माझाच सहावीचा वर्ग निवडला गेला. पट ४८. चित्रीकरणवाल्यांनी २० मुलं ठेवली, बाकीची वाचनालयात धाडली, मागची बाकं व्हरांड्यात काढली आणि वाइड लेन्स लावून कॅमेरा कोपऱ्यात उभा केला. पडद्यावर वर्ग सभागृहाएवढा दिसला. प्रवेश झाल्यावर एक पालक माझ्याच दारात उभे राहून मला विचारत होते, “व्हिडिओतला वर्ग कुठे आहे?”

तेही सोसलं असतं. पण वर्गात सर्वांत बडबडी असलेली एक मुलगी त्यांनी निवडली आणि तिच्या हातात चिठ्ठी दिली. तिने ते वाक्य सात वेळा म्हटलं. पाठ केलेलं लपत नाही हो. शब्द आठवताना डोळे छताकडे जातात, सगळं एका पट्टीत येतं आणि वाक्य संपलं की ‘बरोबर म्हटलं ना?’ म्हणून मूल मोठ्यांकडे बघतं. शेवटी कॉलरचा माइक काढताना ती सहज म्हणाली, “बाई, अपूर्णांकांचा भागाकार तुम्ही तिसऱ्यांदा शिकवलात ना, कागदाच्या पट्ट्या कापून, तेव्हा मला कळला. आधी दोनदा नव्हता कळला.” माइक चालूच होता. सगळं नीट मुद्रित झालं होतं. पण ‘आधी दोनदा नव्हता कळला’ हे शाळेला शोभत नाही असं ठरलं आणि ‘दुसरं घर’ राहिलं. माझ्या मुलीसाठी शाळा शोधत असते, तर त्या अख्ख्या व्हिडिओत मला तेवढंच ऐकायला हवं होतं.

तुमच्या लेखकाने संहितेचे दोन रकाने बरोबर पाडले आहेत : डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. फक्त मुलांच्या रकान्यात वाक्याऐवजी प्रश्न लिहायचा आणि पुढे १५ सेकंदांची जागा कोरी सोडायची. ‘शाळा आवडते का?’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर नसतं. ‘या आठवड्यात काय कळलं नाही? मग तू काय केलंस?’ असं विचारा, आणि विचारताना मुख्याध्यापकांना खोलीबाहेर बसवा. विचारणाऱ्याचा आवाज बहुधा नंतर काढून टाकतात, म्हणून मुलाला विषयाचं नाव घेऊन सुरुवात करायला सांगावं, नाहीतर नुसतं ‘मग मी ताईला विचारलं’ एवढंच उरतं. आठ मुलांशी पाच-पाच मिनिटं बोललात तर तीन उत्तरं हाती लागतात. ती कागदावर उतरवायची आणि मग निवेदन लिहायचं. निवेदन शेवटी! दोन मिनिटांच्या व्हिडिओत सलग बोललं तरी जेमतेम अडीचशे शब्द मावतात. मुलांना बोलू दिलं तर निवेदकाला शंभर पुरतात, आणि त्यात ‘एका वर्गात ४८ मुलं’ हे बसतं.

वर्ग दाखवायचा तर पूर्ण पटाचा दाखवा. कॅमेरा मागच्या बाकापाशी, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा आणि पहिली १५ मिनिटं धरायचीच नाहीत, कारण तेवढा वेळ मुलं धडा सोडून कॅमेऱ्याकडेच बघतात. शिक्षिका फळ्यापुढे हसताना नको. मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा ती काय करते, तो अर्धा मिनिट न कापता दाखवा.

एक मात्र आहे. ‘मला कळलं नाही’ असं पडद्यावर म्हणणाऱ्या मुलाला मित्र चिडवतात. तेव्हा पालकांची लेखी परवानगी चित्रीकरणाआधी घेऊन भागत नाही. तयार झालेला व्हिडिओ मुलाला आणि पालकांना दाखवावा, आणि ते नको म्हणाले तर तेवढा भाग काढावा. तुमच्या नमुन्यात याला एक ओळही नाही.

कापण्यावरून आठवलं. गृहपाठावरच्या माझ्या मागच्या पत्रात मी ‘सरसकट सगळ्यांना गृहपाठ देऊ नये’ असं लिहिलं होतं. तुम्ही ‘गृहपाठ देऊ नये’ एवढंच छापलंत. शिक्षकखोलीत आठवडाभर मला ‘आळशी बाई’ म्हणत होते. हेही पत्र लांबलं आहे, कात्री लागणार हे कळतं. लावायची तर माझ्या रागाला लावा, त्या मुलीच्या वाक्याला नको.

आपली,
एक शिक्षिका