फोन उचलला गेला, पण मी उचलला नव्हता : दूरसंचारमंत्र्यांना खुले पत्र

मा. दूरसंचारमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

७२ दिवसांपूर्वी मी आपल्या खात्याकडे एक तक्रार नोंदवली होती. ३० दिवसांत उत्तर मिळेल, असे पोच देताना कळवले गेले. ते काल आले. दोन ओळींचे उत्तर आहे : 'सदर तिन्ही कॉल यशस्वीरीत्या जोडले गेल्याचे नोंदींवरून दिसते. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

महोदय, ते कॉल जोडले गेले हीच माझी तक्रार होती. कुणीतरी ती नीट वाचली असती तर हे पत्र चारचौघांत लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

माझी आई रुग्णालयात होती. रात्री एकच्या सुमारास मी घरी आलो, फोन उशाशी ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला. रुग्णालयाचा नंबर मी फोनमध्ये साठवून ठेवला होता. पहाटे २ वाजून ३७ मिनिटांनी वॉर्डातल्या सिस्टरनी मला फोन केला. मग २.४१ला. मग २.५२ला. माझा फोन एकदाही वाजला नाही, कारण तिन्ही वेळा तो माझ्या फोननेच उचलला होता.

आपल्याला हे कुणी समजावून सांगितले आहे की नाही, मला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. मी उभी हयात कार्यालयांची टेलिफोन एक्स्चेंज बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला की हल्लीचे फोन तो स्वतः घेऊ शकतात. गुगलने २०१८मध्ये आपल्या पिक्सेल फोनवर ही सोय आणली, ॲपलने २०२५मध्ये आयफोनवर. यंत्र आवाजात विचारते, 'आपले नाव आणि फोन करण्याचे कारण सांगा.' समोरचा बोलतो ते ऐकून त्याची अक्षरे करते आणि पडद्यावर दाखवते. पुढे काय होते ते फोनवर आणि त्यातल्या सेटिंगवर अवलंबून असते. काही फोन कारण दाखवून घंटी वाजवतात. माझा फोन (कंपनी कोणती ते इथे लिहीत नाही) कारण पटले तर घंटी वाजवायचा, नाही पटले तर 'नंतर प्रयत्न करा' म्हणून ठेवून द्यायचा. नवा फोन सुरू करताना 'पुढे, पुढे' असे दाबत गेलो, त्यात कुठेतरी मीच त्याला ही मुभा दिली होती. हे मी लपवत नाही.

पण मी नंबर साठवला होता ना? साठवला होता तो स्वागतकक्षाचा. वॉर्डातला फोन एक्स्चेंजमधून बाहेर पडतो तो मोकळ्या असलेल्या लाइनवरून. मोठ्या कार्यालयांना देतात त्या पीआरआय नावाच्या एका लाइनवर एका वेळी ३० जणांची बोलणी चालू शकतात, आणि तिच्यासोबत नंबरांचा अख्खा गठ्ठा मिळतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोनवर मुख्य नंबरच दिसावा, अशी एक्स्चेंजमध्ये सोय करता येते. दहा मिनिटांचे काम आहे, मी शेकडो ठिकाणी केले आहे. तिथे ते कुणी केले नव्हते. त्यामुळे माझ्या पडद्यावर शेवटचे दोन आकडे वेगळे असलेला नंबर आला, आणि वर पट्टी : 'संशयित स्पॅम'.

रुग्णालयाचा नंबर स्पॅम कसा ठरतो? नंबर तपासणारी यंत्रणा लोकांच्या तक्रारी बघते, शिवाय त्या नंबराची चालही बघते. एकच नंबर दिवसभर शेकडो वेगवेगळ्या लोकांना फोन करतो, बोलणे थोडक्यात संपते, उलट फोन क्वचितच येतात. ही फसवणाऱ्याची चाल आहे. पण रुग्णालयाची, शाळेची, रक्तपेढीचीही हीच चाल असते. आणि खरी गोची पुढे आहे. माझ्या फोनने सिस्टरला १४ सेकंदांत वाटेला लावले, म्हणजे त्या नंबराच्या खात्यावर आणखी एक १४ सेकंदांचा कॉल चढला. संशयाने फोन तुटतो आणि तुटल्यामुळे संशय वाढतो. या फेऱ्यात एकदा सापडलेल्या नंबराने दाद मागायची तर कुणाकडे मागायची?

सिस्टर मराठीत बोलल्या. त्यांनी काय म्हटले ते मी नंतर त्यांना विचारून लिहून घेतले : 'हॅलो, आयसीयूत नेलंय तुमच्या आईला, सहीला या.' माझ्या फोनच्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती, यंत्राचा कान इंग्रजीवर लावलेला होता. असा कान न कळलेला आवाज 'कळला नाही' म्हणून बाजूला ठेवत नाही. त्या आवाजाच्या जवळचा इंग्रजी शब्द शोधून तिथे बसवतो. सकाळी माझ्या पडद्यावर हे होते :

```
I see you nearly tumor chai. Saying.
```

महोदय, हे मी ७२ दिवस रोज वाचतो आहे. 'आयसीयू'चे 'आय सी यू' झाले. 'तुमच्या आईला' याचे काय झाले ते आपणच वाचा. एका बाईने माझ्या आईबद्दल सांगितलेली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट माझ्या वतीने ऐकली गेली, तिचा चोथा झाला, आणि कारण पटले नाही म्हणून फोन ठेवला गेला. १९ सेकंद, १४ सेकंद, ११ सेकंद. दर वेळी सिस्टर आधीपेक्षा कमी बोलल्या. यंत्राशी किती बोलायचे?

मी पोहोचलो सकाळी सव्वासहाला. आई व्हेंटिलेटरवर होती. पावणेतीनपर्यंत ती बोलत होती, माझे नाव घेत होती, असे शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला सांगितले. त्यानंतर ती बोलली नाही. ११व्या दिवशी गेली. मी आलो असतो तर ती जगली असती, असा माझा दावा नाही. मला तिच्याशी बोलता आले असते, एवढेच म्हणतो. आणि तुमचे खाते मला कळवते की कॉल यशस्वी झाला.

यशस्वी का दिसतो, तेही सांगतो, कारण हे सगळे प्रकरण तिथेच अडलेले आहे. आजच्या फोनजाळ्यात कुणी फोन उचलला की उचलणाऱ्याकडून `200 OK` असा निरोप परत जातो. माणसाने उचलला तरी तोच, यंत्राने उचलला तरी तोच. त्या क्षणापासून सेकंद मोजले जातात. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये म्हणूनच लिहिले आहे, '२.३७, नातेवाइकांना फोन लागला'. त्यांनी खोटे लिहिलेले नाही. कागदोपत्री मला कळवले गेले आहे. उद्या कोर्टात गेलो तरी कागद हेच म्हणणार.

यावर उपाय नाही, असे कृपा करून सांगू नका. फोनजाळ्याच्या नियमांत २००४पासून एक खूण उपलब्ध आहे, `automata` नावाची. पलीकडे माणूस नसून यंत्र आहे, हे सांगण्यासाठीच ती केलेली आहे. डिसेंबर २०१९मध्ये याच नियमांतल्या आरएफसी ८६८८ या दस्तऐवजाने `608` हे उत्तर ठरवून दिले : हा फोन माणसाने नव्हे, तपासणाऱ्या यंत्रणेने नाकारला आहे, आणि चूक झाली असेल तर दाद कुणाकडे मागायची तो पत्ता सोबत. जुन्या पद्धतीच्या लाइनवर अशा खुणा वाटेतच गळतात, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर कायदा लागतो. कंपन्या आपणहून हे करणार असत्या तर इतक्या वर्षांत केले असते.

सिस्टरच्या एक्स्चेंजवर 'यंत्राने उचलला' एवढी नोंद आली असती, तर त्यांनी माझ्या बहिणीला फोन केला असता. तिचा नंबर त्याच फॉर्मवर, माझ्या नावाच्या खालच्या ओळीत होता. मला ऐकू आले असेल, असे समजून त्यांनी तो केला नाही.

निदान यंत्राला बोलायला तरी शिकवा. 'नाव आणि कारण सांगा' याच्याही आधी त्याने सांगितले पाहिजे की हे यंत्र आहे, फोन अजून वाजलेला नाही आणि मला अमुक भाषा कळते. भाषा कळली नाही तर घंटी वाजवावी, फोन ठेवू नये. आणि थोड्या वेळात पुन्हा फोन आला तर तो वाजलाच पाहिजे. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये ही समज आहे : सोय चालू असेल तर आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा फोन आला की तो वाजतो. माझ्याकडे १५ मिनिटांत तीन फोन आले. झोपमोड टाळणाऱ्या सोयीला जे कळते, ते या राखणदाराला का कळू नये?

मला ही सोय बंद करून हवी आहे, असे समजू नका. या महिन्यात माझ्याकडे अनोळखी नंबरांवरून ६३ फोन आले. हाताने मोजलेत, एखाद-दुसरा इकडेतिकडे. त्यातले कामाचे नऊ. बाकी ५४ कर्ज देणारे, बक्षीस देणारे, पोलीस असल्याची बतावणी करणारे. हे ५४ माझ्या दारापर्यंत आलेच कसे? त्यांना नंबर कुणी विकले, लाइनी कुणी दिल्या, त्यांच्या कॉलचे पैसे कुणाच्या तिजोरीत गेले? चोर पकडायचे काम तुमचे होते. ते झाले नाही, म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक राखणदार बसवला गेला, आणि चोर त्यालाही सरावले. 'कुरिअर' म्हटले की तो दार उघडतो, हे त्यांना कळून चुकले आहे. दाराबाहेर राहिल्या त्या सिस्टर, ज्यांना खोटे बोलायचे नव्हते.

तुमच्या तक्रार क्रमांकावर मी काल सहा वेळा फोन केला. तिथेही यंत्रच आहे. 'आपली तक्रार थोडक्यात सांगा,' असे ते म्हणते. मी सांगितले. 'क्षमस्व, समजले नाही,' म्हणाले आणि बंद झाले. माझ्या बिलात त्या सहा कॉलचे सेकंद लागलेले असतील, आणि तुमच्या महिन्याच्या अहवालात सहा नागरिकांचे समाधान झाले असेल. फोन करणाऱ्याकडे यंत्र, उचलणाऱ्याकडे यंत्र, तक्रार ऐकायला यंत्र, आणि सगळ्यांच्या नोंदी बिनचूक! या राज्यकारभारात माणसाचे म्हणणे माणसाने ऐकण्याची एक तरी जागा शिल्लक आहे का, हे मला तुमच्याकडून लेखी हवे आहे.

रजिस्टरच्या पानाची नक्कल, तिन्ही कॉलच्या नोंदी आणि पडद्याचा फोटो मी तुमच्या कार्यालयात पुन्हा पाठवतो आहे. तक्रार पुन्हा उघडा. माझ्या फोनवरचे स्क्रीनिंग मी त्याच सकाळी बंद केले, त्यामुळे तुमच्याकडून कुणी फोन केला तर तो वाजेल.

आपला,
एक नागरिक