फ्रिजमधली स्कूटरची किल्ली

साउंडवाले काका,

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून काकाच म्हणते. आभार त्या दिवशीच मानायचे होते, पण तुम्ही स्कूटरला किक मारून निघालातसुद्धा.

आधीची हकीकत तुम्हाला अर्धीच माहीत आहे. मी आणि माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, नौपाड्यातल्या आजोळच्या घरात चौदा मिनिटांची फिल्म करत होतो. आजी-आजोबा हे घर सोडून घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहायला जातात, एवढीच गोष्ट. कॅमेरा उसना आणि नट घरचेच. पैसे फक्त आवाजाला मोजायचे ठरवले होते. तर ज्याला आधी सांगितलं होतं त्याने ॲडव्हान्स घेतला आणि स्वतः न येता एका पोराला पाठवलं. त्याने कॅमेऱ्यावरच माइक बसवला. मधेच फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. एका टेकमध्ये घूंऽऽ आणि दुसऱ्यात नाही. दोन्ही शॉट जोडले की आजीच्या एकाच वाक्यात आवाज धाडकन बदलायचा. विचारलं तर म्हणे, ‘पोस्टमध्ये काढू.’ काढला खरा, पण आजी आधीच हळू बोलते. घूं कमी करता करता तिचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने फ्रिज बंद केला आणि तसाच ठेवून गेला. मे महिना! सकाळी दूध नासलेलं, आणि आत आजोबांचं इन्सुलिन. शंका नको म्हणून मामाने नव्या कुप्या आणल्या. आजी आम्हाला काही बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं.

म्हणून तुम्ही आल्या आल्या ‘फ्रिज बंद करावा लागेल’ म्हणालात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही फ्रिज उघडलात आणि खिशातून स्कूटरची किल्ली काढून इन्सुलिनच्या डब्याशेजारी ठेवलीत. मग आजीकडे बघून म्हणालात, ‘आता फ्रिज उघडल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही, आजी. म्हणजे चालू करायचा विसरणार नाही.’ आजीचे खांदे खाली आलेले मी पाहिले. तुमच्या धंद्यातली ही जुनीच युक्ती आहे असं नंतर कळलं. असू दे. आमच्या घरात ती तुम्ही केलीत.

पैसे ठरले तेवढेच घेतलेत हेही मला आवडलं. उगाच उपकार नाहीत.

आता शेवटाचं भांडण. दादाचं म्हणणं, दाराला कुलूप लागलं की फिल्म संपली, आपण म्हाताऱ्यांबरोबर बाहेर पडायचं. मी म्हणत होते, कॅमेरा आतच राहू दे, रिकाम्या माजघरात. चार दिवस आम्ही एकमेकांशी फक्त लाइट-कॅमेऱ्यापुरतं बोलत होतो. तुम्ही मधे पडला नाहीत. सीन झाल्यावर एवढंच म्हणालात, ‘जागचे हलू नका, एक मिनिट घराचा आवाज घेतो.’ आजोबांनी विचारलं, ‘कोणी बोलतच नाहीये, तर घेताय काय?’ तुम्ही समजावलंत की रिकामी खोली आणि सात माणसांची खोली वेगवेगळी वाजते, कारण अंगं आणि कपडे आवाज पितात. म्हणून सीनला जेवढे होते तेवढ्यांनी तसंच उभं राहायचं. तो तुकडा मग वाक्यांच्या मधल्या फटींत भरायचा, म्हणजे जोड ऐकू येत नाहीत.

तीन वेळा गाडीने घोळ घातला. दादा चिडून म्हणाला, १८५३ साली पहिली रेल्वे ठाण्यात आली तेव्हापासून इथे शांतता नाही. तुम्ही हसलात, पण घाई केली नाहीत. चौथ्यांदा मिळाला मिनिट. मग आम्हा सगळ्यांना अंगणात काढून रिकाम्या माजघराचाही एक मिनिट घेतलात. बोलण्यात टिकटिक नको म्हणून घड्याळाचा सेल काढला होतात. तो परत घालून, माइक जवळ नेऊन, ती टिकटिकही वेगळी घेतलीत. यातलं काहीच आम्ही मागितलं नव्हतं.

एडिटला बसलो तेव्हा त्या फाइल्स उघडल्या. दादाचं कुलूप ठेवलं, मग पडदा काळा केला आणि त्याखाली रिकाम्या माजघराचा मिनिट घातला, वर घड्याळ. चित्र बाहेरचं, आवाज आतला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग अर्थातच भांडलो. काळा पडदा मला वीस सेकंद हवा होता, दादाला बारा पुरेसे वाटत होते.

परवा घरच्यांना वीस सेकंदांचाच दाखवला. पडदा काळा झाला तसे आजोबा म्हणाले, ‘लाइट गेले की काय?’

आजी म्हणाली, ‘गप बसा हो. आपलं घड्याळ ऐकू येतंय.’