महसूलमंत्र्यांना खुले पत्र: महारेराचे वसुली वॉरंट तहसील कचेरीत का थांबते?

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

फ्लॅटचा ताबा वेळेवर न मिळालेल्या माणसाचे पत्र गृहनिर्माण खात्याला जायला हवे, ते महसूल खात्याकडे कसे आले, असे आपल्याला वाटेल. कारण सरळ आहे. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, निकाल आमच्या बाजूने लागलेला आहे. पुढची वसुली तुमच्या खात्याने करायची आहे आणि आमचे पैसे तिथेच अडकले आहेत.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका अर्धवट प्रकल्पातला फ्लॅटधारक आहे. बिल्डरचे नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका बिल्डरविरुद्ध नाही. आमच्या गटातल्या एका जोडप्याचे प्रकरण तेवढे मांडतो, म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते दिसेल.

फ्लॅट 51 लाखांचा. नोंदणीकृत करारनामा 2021 चा, त्यात ताब्याची तारीख 30 जून 2023. ‘लवकर भरलेत तर सूट’ या आमिषापोटी आणि बँकेचे कर्ज घेऊन त्यांनी 48 लाख भरून टाकले. तारीख उलटली तेव्हा इमारतीला लिफ्ट नव्हती, पाण्याची जोडणी नव्हती आणि भोगवटा प्रमाणपत्राचा तर पत्ताच नव्हता. बिल्डरने मध्यंतरी महारेराकडून प्रकल्पाला मुदतवाढ घेतली होती. विचारायला गेले की तो वेबसाइटवरची नवी तारीख दाखवायचा आणि म्हणायचा, ‘सरकारनेच वाढवून दिलीय.’

ही थाप राज्यभर चालते आणि माणसे वर्ष-वर्ष गप्प बसतात. प्रकल्पाची मुदत वाढली म्हणून करारनाम्यातली तारीख पुढे सरकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. उशीर मोजायचा तो खरेदीदाराशी केलेल्या करारातल्या तारखेपासून. बिल्डर ‘पुरवणी करारनामा’ सही करायला पुढे करतो तो यासाठीच. त्यात नवी तारीख असते आणि आधीच्या उशिराबद्दल तक्रार नसल्याचे एक वाक्य कुठेतरी मधेच बसवलेले असते. आमच्यातल्या काहींनी त्यावर सही केली आणि त्यांची बाजू लंगडी झाली. या जोडप्याने केली नाही.

रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत मागायचे, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज घ्यायचे. बाहेर पडण्याचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरच्या अडचणी त्याच्या आड येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रकरणात नोव्हेंबर 2021 मध्ये सांगितले. पण परत मिळालेल्या पैशांतून आधी बँकेचे कर्ज फिटते आणि उरलेल्या रकमेत आजच्या भावाने त्या भागात तेवढा फ्लॅट येत नाही. म्हणून बहुतेक लोक प्रकल्पातच राहतात. हेही राहिले.

महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेच्या कर्जांचा सर्वांत वरचा आधारदर एमसीएलआर अधिक 2 टक्के. हिशेबाच्या सोयीसाठी 11 टक्के धरू. 48 लाखांवर वर्षाला 5 लाख 28 हजार, म्हणजे महिन्याला 44 हजार रुपये होतात. जुलै 2023 ते जून 2025 या 24 महिन्यांचे 10 लाख 56 हजार झाले, आणि भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला 44 हजारांची भर पडत राहणार. (बिल्डरने मधे ‘फर्निचरसाठी चावी घ्या’ म्हणून पाहिले. अशी चावी घेतली की तो पुढे ताबा दिला असे म्हणायला मोकळा, म्हणून त्यांनी ती घेतली नाही.) भरलेल्या घरभाड्यासारखी नुकसानभरपाई हवी असेल तर ती महारेराच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळी मागावी लागते. ती त्यांनी अजून मागितलेली नाही.

महारेराकडून व्याजाचा आदेश मिळाला, मुदत संपली, पैसे आले नाहीत. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. ज्याचे बिल्डरला देणे बरेच बाकी आहे, तो व्याज त्या हप्त्यांत वळते करून घेऊ शकतो, आणि महारेराचे आदेशही तशी मुभा देतात. ज्याने बिल्डरवर विश्वास ठेवून जवळजवळ सगळे भरले, त्याच्या हातात काहीच उरत नाही. या जोडप्याचे देणे फक्त 3 लाख बाकी होते. त्यांना वॉरंटशिवाय गत्यंतर नव्हते.

आदेश पाळला गेला नाही असा अर्ज केला की कलम 40(1) प्रमाणे महारेरा वसुली वॉरंट काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले सगळे अधिकार तुमच्या अधिकाऱ्यांना आहेत: मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची जप्ती, मग स्थावराची जप्ती आणि लिलाव. शेतकऱ्याच्या थकबाकीसाठी हे अधिकार कसे वापरले जातात ते गावोगाव ठाऊक आहे.

वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलदाराकडे, तिथून तलाठ्याकडे जाते. वॉरंटवर बिल्डरच्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता असतो. तलाठी तिथे जातो. कुलूप असते, किंवा सीएचे ऑफिस असते. ‘सदर पत्त्यावर मालमत्ता आढळून आली नाही’ असा अहवाल येतो आणि फाईल थांबते. या प्रकरणात अगदी हेच झाले. तलाठ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात फक्त एक पत्ता आणि एक रक्कम दिली होती.

मालमत्ता मात्र डोळ्यांसमोर होती. त्याच प्रकल्पात बिल्डरचे न विकलेले फ्लॅट होते. महारेराच्या वेबसाइटवर प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर किती फ्लॅट विकले आणि किती शिल्लक आहेत हे असते, आणि बिल्डरला ते दर तिमाहीला अद्ययावत करावे लागते. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे तिचा सातबारा तुमच्याच खात्याकडे आहे. राहिलेले फ्लॅट विकताना त्यांचे दस्त ज्या दुय्यम निबंधकापुढे नोंदवले जातात, ते नोंदणी व मुद्रांक कार्यालयही तुमच्याच खात्यात येते. म्हणजे थकबाकीदाराची मालमत्ता शोधायला, तिच्यावर बोजा चढवायला आणि तिची विक्री होतेय का हे बघायला लागणारी तिन्ही टेबले एकाच मंत्र्याच्या हाताखाली आहेत. तरीही वॉरंट तहसील कचेरीत पडून असताना त्याच इमारतीतल्या शिल्लक फ्लॅटचे दस्त नोंदवले गेले. आम्ही नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू, काढून पाहिले, म्हणून हे कळले.

काही मर्यादा खऱ्या आहेत, त्या लपवत नाही. न विकलेले फ्लॅट बऱ्याचदा वित्तसंस्थेकडे गहाण असतात, मग लिलावात अडथळे येतात. प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातले पैसे, म्हणजे खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के, कायद्याने बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठी राखलेले आहेत. ते खाते गोठवले तर एकाला व्याज मिळेल आणि शंभर जणांचे काम थांबेल. म्हणून त्या खात्याला हात लावा असे आम्ही म्हणत नाही. कंपनीविरुद्धच्या वॉरंटवर संचालकाचा बंगलाही जप्त होत नाही, हे आम्हाला कळते. भागीदारी संस्था असेल तर गोष्ट वेगळी.

मात्र या सगळ्यात वेळ गेला की त्याचा फायदा बिल्डरला होतो, आणि सर्वांत मोठा धोका दिवाळखोरीचा असतो. कंपनीविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, प्रकरण दाखल करून घेतले गेले की स्थगिती लागते आणि तुमची वसुली जागच्या जागी थांबते. मग आम्ही ‘फॉर्म सीए’ हा दाव्याचा अर्ज भरून इतर धनकोंसोबत रांगेत बसायचे. हातात रेराचा आदेश असला तरी आमचा कर्ज देणाऱ्या बँकांसारखा वित्तीय धनकोचा दर्जा जात नाही, एवढा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये विशाल चेलानी प्रकरणात दिला आहे. रांग मात्र टळत नाही. म्हणून वॉरंट आल्यानंतरचे पहिले काही आठवडेच महत्त्वाचे असतात.

तेव्हा मागणी एवढीच आहे. महारेराकडून वॉरंट आल्यावर तहसीलदाराने तलाठ्याला पत्त्यावर धाडण्याआधी त्या बिल्डरच्या सर्व प्रकल्पांतल्या शिल्लक फ्लॅटची यादी महारेराच्या वेबसाइटवरून काढावी आणि त्याच आठवड्यात संबंधित अधिकार अभिलेखात बोजाची नोंद घेऊन दुय्यम निबंधकाला कळवावे, असे परिपत्रक आपण काढावे. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून वॉरंट परत पाठवायचे नाही. 1890 च्या महसूल वसुली अधिनियमात दुसऱ्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवण्याची सोय आहे, ती वापरायची. वसुलीचा आकडा वॉरंटच्या तारखेला गोठवायचा नाही, कारण आदेशात व्याज ताबा मिळेपर्यंत चालू असते. आमच्या जोडप्याच्या नोटिशीत फक्त जुना आकडा आला आणि पुढचे महिने गळाले. आणि वॉरंट सध्या कोणाच्या टेबलावर आहे, त्यावर शेवटची कारवाई कोणती झाली, हे वॉरंट क्रमांक टाकून अर्जदाराला ऑनलाइन दिसावे. आज त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो.

यासाठी कायद्यात एक अक्षरही बदलावे लागत नाही. परिपत्रक निघाल्यास प्रत जाहीर करावी. तहसीलदारांकडे अर्ज देताना ती सोबत जोडण्यासाठी आमच्या गटातले बाकीचे वॉरंटधारकही वाट पाहत आहेत.

आपला,
पुणे जिल्ह्यातील एक फ्लॅटधारक