किल्ली परत केल्यावर

प्रिय बंड्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पत्राचं कारण वेगळंच आहे, आणि ते तुलाच कळेल, कारण घरमालकांशी आपली भांडणं तू पाहिलीयेस. (खोलीतला पंखा तूच मोडला होतास, हे मी अजून म्हणतो.)

आम्ही घर सोडतोय. घरमालक काका-काकूंना काहीतरी द्यायचं आहे, पण डिपॉझिट अजून त्यांच्याकडे. आज भेट घेऊन गेलो तर ती भिंतीवरच्या खिळ्यांच्या भोकांसाठीची रदबदली वाटेल. काकांना तसं वाटणार नाही म्हणा, पण त्यांना रंगाचे पैसे कापायचे असतील तर हातात आमची भेट घेऊन कसे कापतील? म्हणून क्रम ठरवला. आधी घर रिकामं, मग दोघांनी मिळून पाहणी, वीजमीटरचं रीडिंग, किल्ल्या, हिशोब. पैसे खात्यात आले की नंतर कधीतरी सहज जायचं. नव्या मालकांना आमच्याबद्दल काकांशी बोलायचंय, ती विनंती मी आधीच फोनवर उरकली. भेटीच्या दिवशी तो विषय नको.

काय द्यायचं यावर घरात रणकंदन. ही म्हणाली, कपाट तिथेच ठेवू. मी म्हटलं, ते आपल्याला न्यायला जड आहे म्हणून, आणि काका उगाच त्याची किंमत धरतील. महागाचं दिलं तर त्यांना परतफेड सुचेल. शेवटी ठरला फोटो: काका-काकू पायरीवर बसलेत, तू आला होतास तेव्हा मीच काढलेला. साध्या चौकटीत. त्याची किंमत कोण काढणार?

सोबतच्या चिठ्ठीवर मात्र अडलो. बाबा दवाखान्यात होते त्या महिन्यात भाडं रखडलं, काकांनी चकार शब्द काढला नाही. तेच लिहावंसं वाटलं, पण भाडं लिहिलं की चिठ्ठीची हिशोबवही होते. म्हणून एवढंच लिहिलं: ‘बाबा आजारी असताना तुम्ही रोज जिन्यात थांबून त्यांची चौकशी करायचात. आम्हाला फार आधार वाटला. या घरात आम्ही सुखाने राहिलो.’ ‘असाच लोभ असू द्या’ हातातून जवळजवळ उतरलंच होतं. खोडलं. पुढचं काही मागायचंच नाहीये.

आणि हो, एजंटाच्या हाती काही पाठवणार नाही. स्वतः जाणार, दहा मिनिटं बसणार, उठणार. काकूंनी उलट काही हातात ठेवलं तर? इथे तुझं मत हवंय. मला वाटतं मुकाट घ्यावं, नको-नको करत बसलं तर तीही ओढाताणच.

तुझं नवं ऑफिस कसंय? पोरीची परीक्षा झाली का? वहिनींना सांग, फोन करतो. आणि पंख्याबद्दल कबुली दे एकदा.

तुझा,
अन्या