बी७ बीमची ६०० खोली नेमकी कुठून मोजायची, याचं उत्तर न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापन, स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी विभाग

विषय : निवासी इमारतीच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगमधल्या बीम, कॉलम आणि स्लॅबच्या खुणांमधली विसंगती आणि तुमच्या समन्वयकाचं उत्तर

आज दुपारी तुमच्या ऑफिसातून जे उत्तर मिळालं, त्यानंतर फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही. म्हणून लेखी देते आहे. ड्रॉइंग तुमचंच आहे, तेव्हा ते कसं वाचायचं हे तुम्हाला समजावण्याची गरज नाही असं मी धरून चालते.

प्रश्न बी७ चा आहे. दुसऱ्या स्लॅबच्या बीम शेड्यूलमध्ये त्याचं माप २३० × ६०० मिलिमीटर आहे. टिपांमध्ये लिहिलंय की सर्व बीमची खोली स्लॅबच्या जाडीसह आहे. म्हणजे १२५ चा स्लॅब धरून ६००, आणि स्लॅबखाली बीम ४७५ उतरतो. सगळीकडे असंच वाचतात. पण पुढच्या शीटवर याच बी७ चा सेक्शन काढलाय, त्यात ६०० चा बाण स्लॅबच्या खालच्या पातळीपासून सुरू होतो. म्हणजे एकूण खोली झाली ७२५. दोन्ही शीटवर रिव्हिजन नंबर एकच आहे, तारीखही एकच.

हा फरक माझ्यासाठी कागदावरचा नाही. मजल्याची उंची स्लॅबच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत २९०० आहे. बी७ च्या खाली हॉल आणि बाल्कनीमधला स्लायडिंग दरवाजा येतो, फ्रेमची उंची २२००. बीम एकूण ६०० असेल तर त्याच्या खाली २३०० उरतात, फ्लोअरिंगचे ७५ वजा केले की २२२५. दरवाजा बसतो, वर २५ राहतात. बीम ७२५ असेल तर २१७५ उरतात, फ्लोअरिंग वजा जाता २१००. दरवाजा १०० मिलिमीटरने बसत नाही. फ्रेमची ऑर्डर गेलेली आहे, आणि ती तुमच्या शेड्यूलवरून गेली आहे.

साइटवर सुताराने सेंटरिंग सेक्शन बघून लावलं आणि फिटरने रिंगा शेड्यूलवरून वाकवल्या. बीमच्या तळाच्या फळ्या खाली गेलेल्या दिसल्या म्हणून मी टेप लावला, ते ७२५ भरलं. मग तुमचंच बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे बीबीएस, उघडलं. त्यात बी७ ची रिंग १८० × ५५० आहे. चारी बाजूंनी २५ चं कव्हर धरलं की ती २३० × ६०० च्या बीमचीच रिंग होते. ७२५ च्या बीमला ६७५ ची रिंग लागली असती. म्हणजे शेड्यूल बरोबर आहे आणि सेक्शन चुकलाय, हे तुमच्याच कागदावरून सिद्ध होतं. काँक्रीट ओतलं असतं तर पिंजरा खालच्या कव्हर ब्लॉकवर बसला असता, वरची सळई स्लॅबच्या माथ्यापासून १५० खाली गेली असती, आणि स्लॅबची जाळी रिंगांच्या बाहेर, वर मोकळी राहिली असती. सपोर्टवर ताण वरच्या बाजूला येतो. तिथे दीडशे मिलिमीटर काँक्रीट सळईशिवाय ठेवायचं का, हे मी विचारत होते.

आता ते संभाषण. मी सांगितलं, "बी७ ची खोली शेड्यूलमध्ये आणि सेक्शनमध्ये वेगळी आहे." समन्वयक म्हणाले, "६०० म्हणजे ६००, मॅडम." मी विचारलं, "६०० कुठून?" ते म्हणाले, "बीमचे." मी पुन्हा विचारलं, "स्लॅबच्या माथ्यापासून की स्लॅबच्या तळापासून?" त्यांनी फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलं, "आर्किटेक्टचा आहे, बीमचं काहीतरी विचारतायत." मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही इलेव्हेशन बघा. हे नोटेशन इंजिनिअरचं असतं." मी रिंगेचं माप सांगितलं. ते म्हणाले, "बीबीएस साइटसाठी असतं, त्यावरून बीम वाचत नाहीत." आणि शेवटी : "वाटल्यास आमचा एखादा ट्रेनी तुम्हाला ड्रॉइंग वाचायला शिकवेल." माझा प्रश्न स्लॅबच्या माथ्यापासून की तळापासून एवढाच होता. तो तसाच राहिला. फोन त्यांनीच ठेवला.

मी अनेक वर्षं स्ट्रक्चरल ड्रॉइंग वाचते आहे. माझ्या ड्रॉइंगवर तुमचे आकडे बसले नाहीत तर महापालिकेसमोर, मालकासमोर आणि साइटवर मी उभी असते. दरवाजाच्या उंचीचा हिशेब तुमचा ट्रेनी करत नाही, मी करते.

बीम एकच असता तर मी सुधारणा मागून गप्प बसले असते. कॉलममध्येही हेच आहे. सी४ पायापासून पहिल्या स्लॅबपर्यंत ३०० × ७५०, त्यावर २३० × ६००. हा बाहेरच्या भिंतीच्या रेषेवरचा कॉलम आहे. रुंदी ७० ने कमी होताना बाहेरचा चेहरा एका रेषेत ठेवायचा की कॉलम मध्यावर ठेवायचा, हे प्लॅनवर कुठेच नाही. मध्यावर ठेवला तर दोन्हीकडून ३५ आत जाईल आणि बाहेरच्या भिंतीला खाच पडेल. बाहेरचा चेहरा एका रेषेत ठेवला तर ७० सगळेच्या सगळे आतल्या बाजूने जातील, आणि तिथल्या सळया सहाला एक या उताराने वाकवायच्या तर ४२० उंची लागेल. त्या सळया स्लॅबच्या आधी वाकवाव्या लागतात, म्हणून हे आधीच ठरायला हवं. कुठल्या चेहऱ्यापासून मोजायचं, एवढी एक टीप लागते.

स्लॅबमध्येही तेच. एस३ हा टॉयलेटचा संक स्लॅब, त्यावर "(−) २००" लिहिलंय. स्लॅबच्या माथ्यापासून २०० की तयार फरशीपासून? फरशीपासून धरले तर फ्लोअरिंगचे ७५ जाऊन १२५ उरतात. त्यात ११० चा सॉइल पाइप घातला की उतार आणि वॉटरप्रूफिंगसाठी १५ राहतात. ते पुरत नाही. पुन्हा तेच विचारते, कुठून मोजायचं?

आमची सेंटरिंग थांबली आहे. कॉन्ट्रॅक्टर रेडी मिक्सची गाडी पुढे ढकलून बसला आहे, आणि त्याचं बिल मालक मला विचारणार आहेत.

मला हवंय ते असं. बी७ चा सेक्शन शेड्यूलप्रमाणे दुरुस्त करून नवा रिव्हिजन नंबर, आणि जुनी शीट रद्द झाल्याचं लेखी पत्र. सी४ सह बाहेरच्या प्रत्येक कॉलमची कोणती बाजू एका रेषेत, ते प्लॅनवर. एस३ ची पातळी कशापासून मोजली, ते लिहून. आणि ज्या समन्वयकाने आज फोन ठेवला, त्यांच्याकडून नव्हे, तर ड्रॉइंगवर सही करणाऱ्या इंजिनिअरकडून उत्तर.

हे तीन दिवसांत आलं नाही तर ड्रॉइंगचा संपूर्ण संच दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेईन, त्याचा खर्च तुमच्या उरलेल्या फीतून वजा करीन, आणि मालकाला सगळा पत्रव्यवहार दाखवीन. तुमच्या कामावर विश्वास ठेवून मी स्वतः मालकाकडे तुमचं नाव सुचवलं होतं. पुढच्या प्रकल्पासाठी ते नाव मी सुचवणार नाही, असं मी आजच त्यांना सांगितलं आहे.

बी७ ची सेंटरिंग मी सध्या शेड्यूलप्रमाणे, म्हणजे एकूण ६०० खोली धरून, वर उचलायला सांगितली आहे. तुमची सही आल्याशिवाय त्यात काँक्रीट पडणार नाही.

प्रकल्पाची आर्किटेक्ट