‘रिफंड’ एवढाच मेसेज आला तर काय उत्तर द्यावं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमचा महिला बचत गट वायगाव हळद विकतो. ऑर्डरी मोबाइलवर येतात, पैसे दुकानाच्या क्यूआर कोडवर किंवा पेमेंट लिंकवरून येतात आणि गटाचा फोन मी सांभाळते. अनेकदा ग्राहकाचा पहिला मेसेज एकाच शब्दाचा असतो, ‘रिफंड’. नाहीतर ‘पेमेंट फेल’. नाव नाही, रक्कम नाही. अशा मेसेजला आपल्या भागातले बरेच दुकानदार लगेच उलट विचारतात, ‘कार्डाचा फोटो टाका’, ‘खाते नंबर आणि आलेला ओटीपी पाठवा’. त्यांची नियत वाईट नसते. पण ही सवय घातक आहे आणि तिची काही गरजही नाही. म्हणून हे पत्र.

पैसे शोधायला ग्राहकाचं कोणतंही गुपित लागत नाही. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकड्यांचा यूटीआर नंबर असतो. तो ग्राहकाच्या ॲपमध्ये दिसतो आणि पैसे आमच्याकडे आले असतील तर आमच्या स्टेटमेंटमध्येही दिसतो. दोन्हीकडचा नंबर जुळला की काम झालं. त्या नंबरावरून कोणी पैसे काढू शकत नाही. पूर्वी मनीऑर्डर पोचली नाही तर पोस्टमास्तर पावती मागायचे, घराची किल्ली नाही. हेही तसंच आहे. कार्डाने पैसे दिले असतील तर शेवटचे चार आकडे, तारीख आणि रक्कम पुरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाचा पूर्ण कार्ड नंबर साठवताच येत नाही. हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव तेवढं ठेवता येतं.

‘पेमेंट फेल’ आलं की आम्ही हे उत्तर पाठवतो:

‘नमस्कार, तुमचा मेसेज मिळाला. खात्यातून पैसे कटले का? कटले असतील तर तारीख, रक्कम आणि ॲपमध्ये त्या व्यवहाराखाली दिसणारा १२ आकडी यूटीआर नंबर पाठवा. नंबर सापडत नसेल तर पैसे कोणाच्या नावाच्या खात्यातून गेले आणि अंदाजे किती वाजता, ते सांगा. कार्ड नंबर, सीव्हीव्ही, पिन, ओटीपी पाठवू नका, आम्हाला ते लागत नाही. तुमचं उत्तर आलं की त्याच दिवशी खातं पाहून कळवतो. तोवर पुन्हा पैसे पाठवू नका.’

शेवटचं वाक्य विसरू नये. घाबरलेला माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतो आणि मग एकाच्या दोन भानगडी होतात. बँकेच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट आम्ही मागत नाही, कारण त्यात खात्यातली शिल्लक दिसते. नुसता ‘रिफंड’ शब्द आला तर आधी एकच विचारतो: पैसे कटले पण ऑर्डर लागली नाही, पैसे दोनदा कटले, की माल परत करायचा आहे? या तिन्ही गोष्टींचा तपास वेगळा असतो.

मागच्या हंगामात दारव्ह्याकडच्या एका काकूंचा रात्री ‘पेमेंट फेल’ असा मेसेज आला. वरचं उत्तर पाठवलं. सकाळी त्यांचा आवाजातला मेसेज आला, ‘बाई, पैसे तं कटले, पन फोनवर फेलच दाखवते. नंबर मले नाई सापडत.’ थोड्या वेळाने त्यांच्या नातवाने यूटीआर टाइप करून पाठवला. रक्कम ७२० रुपये, आमच्या क्यूआरवर भरलेली. आमच्या स्टेटमेंटमध्ये तो नंबर नव्हता, त्या रकमेची नोंदही नव्हती. म्हणजे पैसे त्यांच्या खात्यातून निघाले होते, पण आमच्यापर्यंत पोचले नव्हते. गटातल्या एकीचं म्हणणं होतं, बिचाऱ्या काकूंना आपणच ७२० रुपये पाठवून मोकळं व्हावं. मी ठाम नाही म्हटलं. अशा वेळी बँक ते पैसे आपोआप परत करते. आपणही पाठवले तर ग्राहकाकडे दुप्पट जातात आणि मग गरीब माणसाकडून पैसे मागून घेण्याची पाळी येते.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने दुकानदाराला भरलेले पैसे कटले पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला रोज १०० रुपये भरपाई मिळते. पैसे दुकानाच्या नव्हे, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवले असतील तर मुदत एकच दिवसाची आहे. हे सगळं काकूंना साध्या शब्दांत कळवलं. मुदतीत आले नाहीत तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार टाका आणि बँकेत यूटीआर दाखवा, असंही सांगितलं. पैसे तीन-चार दिवसांत परत आले.

यूटीआर आमच्या स्टेटमेंटमध्ये सापडला असता तर गोष्ट वेगळी होती. मग पैसे आमच्याकडे आहेत, ऑर्डर लावायची किंवा रक्कम परत करायची जबाबदारी आमची. परत करतानाही ग्राहकाला काही विचारावं लागत नाही. दुकानाच्या पेमेंट ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तिथूनच रिफंड करता येतो. पैसे आले त्याच खात्यात जातात. ‘माझ्या दुसऱ्या नंबरवर टाका’ असं कोणी म्हटलं तर आम्ही नकार देतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबून तर कधीच पैसे परत करत नाही, कारण तो बनवता येतो. आपलं स्टेटमेंटच पाहायचं.

रिफंडसाठी ग्राहकाला क्यूआर कोड किंवा लिंक मुळीच पाठवू नये. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, तो द्यायला लागतो. ‘रिफंड मिळवायला हा कोड स्कॅन करून पिन टाका’ हीच तर ठगांची रीत आहे. खरा दुकानदारही पिन-ओटीपी मागत असेल, तर ग्राहकाने ठग ओळखायचा कसा? कोणी फसलाच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायला सांगावं. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

काही ग्राहक न मागताच कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवतात. तो तसाच पडू देऊ नये. त्यांना सांगावं की हा मेसेज ‘सर्वांसाठी’ डिलीट करा, कारण ते पाठवणाऱ्यालाच करता येतं. आपण आपल्या चॅटमधून आणि गॅलरीतूनही तो काढावा, आणि फोटो आपोआप साठवण्याची सेटिंग बंद ठेवावी. सीव्हीव्ही दिसत असेल तर बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगावं, मग ग्राहक कितीही ‘राहू द्या’ म्हणोत.

आपल्या दैनिकाने वरचं उत्तर चौकटीत छापावं, ही विनंती. कृषी केंद्रं, शिकवणी वर्ग, बचत गट, ज्याच्या फोनवर असे मेसेज येतात त्याने ते जसंच्या तसं उतरवून घ्यावं. कोणाला विचारायची गरज नाही.

आपली,
बचत गटाची एक सदस्य,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा