चार्जिंगच्या पाटीवर एसी की डीसी, हेही लिहा

महोदय,
गेल्या महिन्यात पुण्याहून सोलापूरला येताना महामार्गावरच्या एका हॉटेलात '२२ किलोवॅट चार्जर' अशी पाटी पाहून गाडी लावली. माझ्या गाडीची बॅटरी ४० युनिटची, चार्ज २० टक्के उरलेला. ८० टक्क्यांपर्यंत २४ युनिट लागणार, म्हणजे तासाभरात निघू, असा हिशेब केला. तासाने पाहिले तर जेमतेम ३८ टक्के! घरच्यांना उन्हात ताटकळावे लागले ते वेगळेच.

चार्जर बिघडला नव्हता. तो एसी होता. एसी वीज बॅटरीत थेट जात नाही. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर तिचे डीसीत रूपांतर करतो, आणि माझ्या गाडीतला ७.२ किलोवॅटचाच आहे. खांब २२ चा असला, तरी गाडी ७.२ च घेणार. म्हणजे सव्वातीन तासांहून जास्त. डीसी चार्जरमध्ये हे रूपांतर बाहेरच होते, म्हणून ३० किलोवॅटचा डीसीही हेच काम तासाभरात करतो.

ओळखायचे कसे? प्लग पाहा. नुसता सात पिनांचा गोल प्लग म्हणजे टाइप २, एसी. त्याखाली दोन जाड पिना जोडलेल्या असतील तर सीसीएस २, म्हणजे डीसी. पण हे गाडी लावल्यावर कळून काय उपयोग? चार्जर बसवणाऱ्यांनी रस्त्यावरून दिसेल अशा पाटीवरच 'एसी' किंवा 'डीसी' ठळक लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर